वर्गशिक्षिकेला मेल: गैरहजेरी कळवायची आहे, सूर कसा ठेवू?

मृण्मयी_कोथरूड (गुरुवार, संध्या. ६:४०)

मुलगा सहावीत आहे, मराठी माध्यम. रविवारी संध्याकाळी अंगावर पुरळ आलं, सोमवारी डॉक्टर म्हणाले कांजिण्या. तेव्हापासून घरीच आहे. सोमवारी सकाळी मी व्हॅनच्या काकांना सांगितलं होतं, 'बाईंना सांगा, बरं नाहीये.' आज शाळेचं ॲप उघडलं तर चारही दिवसांपुढे 'न कळवता गैरहजर'. डोकंच फिरलं. त्या तिरमिरीत खालचा मेल लिहिलाय. नवरा म्हणतो, पाठवण्याआधी कोणाला तरी दाखव. म्हणून इथे टाकतेय. मुलाचं नाव बदललंय.

> विषय: गैरहजेरी
>
> मॅडम,
> माझा मुलगा सोमवारपासून शाळेत येत नाहीये कारण त्याला कांजिण्या झाल्या आहेत. हे मी व्हॅनच्या काकांजवळ सांगितले होते, तरीही तुम्ही 'न कळवता गैरहजर' लावले. तो शेरा ताबडतोब काढून टाका. त्याची गणित आणि विज्ञानाची घटक चाचणी बुडाली आहे, ती कृपया परत घ्या. रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवर पाठवत जा. तो सोमवारी येईल. सर्टिफिकेट हवे असेल तर कळवा.
> कबीरची आई

बाई वाईट नाहीत. नवीन आहेत, वयाने माझ्याहून लहान असतील. मला भांडायचं नाहीये, पण शेराही जायला हवा आणि चाचणीचंही काहीतरी व्हायला हवं. काय बदलू?

---

टोच्या (६:५२)

मेल उत्तम आहे. फ्रेम करून दाराबाहेर लावा, खाली लिहा 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये'. ह. घ्या.

---

निनाद_औंध (७:०५)

सगळ्या वाक्यांत 'कृपया' घाला, झालं काम. 'कृपया शेरा काढून टाका', 'कृपया अभ्यास पाठवत जा'. आणि शेवटी 'आगाऊ धन्यवाद'.

---

टोच्या (७:०८)

निनाद, आगाऊपणा मेलमध्ये आधीच भरपूर आहे, वेगळा कशाला लिहायचा?

---

सदाशिवकर (७:२०)

हल्ली पत्रलेखन शिकवत नाहीत त्याचे हे परिणाम. असे लिहा:

> मा. वर्गशिक्षिका महोदया यांसी,
> स.न.वि.वि.
> उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, माझा पाल्य चि. कबीर हा प्रकृतिअस्वास्थ्यामुळे दि. ९ पासून शाळेत उपस्थित राहू शकलेला नाही. तरी सदर बाबीची नोंद घेऊन त्याची गैरहजेरी माफ करण्यात यावी व योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती.

चाळीस वर्षं सरकारी नोकरीत हीच भाषा वापरली, कोणी नाव ठेवलं नाही.

---

आशू (७:३१)

काका, हे वाचून मला वाटलं आमची पाणीपट्टी थकली आहे.

---

शुभदा_काकू (८:१०)

मी शाळेत वर्ग सांभाळला, निवृत्त झाले. आता टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते.

वर्गशिक्षिकेच्या वर्गात पन्नासच्या घरात मुलं असतात. 'विषय: गैरहजेरी' आणि खाली 'माझा मुलगा' एवढंच असेल तर तिला आधी शोधावं लागतं, कोणाचा मुलगा? एका वर्गात दोन कबीर असू शकतात. तू मुलाचं पूर्ण नाव, तुकडी, हजेरी क्रमांक काहीच दिलं नाहीस. सही 'कबीरची आई'. तुझ्या घरी ते पुरतं, तिच्या हजेरीपटात पुरत नाही. माझ्या मते मेलमधला पहिला उद्धटपणा हा आहे, 'ताबडतोब' नंतर येतं. समोरच्या माणसाला आपल्यासाठी शोधाशोध करायला लावायची नाही.

दुसरं, तो शेरा. काही ॲपवर बाई पहिल्या तासाला फक्त गैरहजर अशी खूण करतात. तोवर पालकांचा मेल किंवा चिठ्ठी नोंदलेली नसेल तर 'न कळवता' हे शब्द ॲपच लावतं. बाईंनी चिडून काही लिहिलेलं नसतं. त्यामुळे 'तुम्ही लावले' हे वाक्य नुसतं टोचणारं नाही, कदाचित खोटंही आहे. आणि व्हॅनच्या काकांनी निरोप दिला की नाही हे तरी तुला माहीत आहे का? ते फाटकाशी मुलं उतरवून निघून जातात. माझ्यापर्यंत त्यांचे निरोप कधी आलेच तर मधल्या सुट्टीत शिपाईमामांमार्फत, तेही अर्धवट.

मग लिहायचं कसं? 'निरोप आपल्यापर्यंत पोहोचला नसावा.' या 'नसावा'त ना काका दोषी ठरत, ना बाई, ना तू. आणि पुढे 'ॲपवर न कळवता गैरहजर अशी नोंद दिसते'. 'दिसते' म्हण, 'केलीत' म्हणू नकोस.

चाचणीबद्दल जेवून झाल्यावर लिहिते.

---

पावभाजी (८:१६)

काकू _/\_ 

मी पण एक विचारून घेतो. ऑफिसमध्ये सिक लीव्ह टाकताना बॉसला कारण सविस्तर सांगायचं का? आमचा बॉस म्हणतो नुसतं 'नॉट वेल' चालणार नाही.

---

आशू (८:१९)

पाभा, धागा शाळेचा आहे रे. तुला कांजिण्या झाल्या तर सांग.

---

निनाद_औंध (८:२५)

पण कारण सांगायचं का, हा मुद्दा बरोबर आहे. आजाराचं नाव का द्यायचं? मुलाची खाजगी बाब आहे. 'तब्येत बरी नसल्याने' पुरे. नाहीतर वर्गात मुलं चिडवतात.

आणि सोमवारी कसा पाठवताय? कांजिण्यांना २१ दिवस लागतात. आमच्या आजीने मला २१ दिवस कडुनिंबाच्या पाल्यावर झोपवलं होतं.

---

डॉ_खडीसाखर (९:०२)

निनाद, २१ चा आकडा खरा आहे, जागा चुकली. कबीरच्या शेजारी बसणाऱ्याला लागण झाली असेल तर त्याच्या अंगावर पुरळ यायला १० ते २१ दिवस लागू शकतात. तो त्या दुसऱ्या मुलाचा हिशोब. ज्याला झाल्या आहेत त्याने सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी राहायचं. पुरळ आल्यापासून साधारण पाच ते सात दिवस. नवीन फोड येत असतील किंवा एखादा पाणीदार उरला असेल तर आणखी थांबायचं. खपल्या पडून जाईपर्यंत थांबायची गरज नसते. बाकी कडुनिंबाचा पाला अंथरायला माझी हरकत नाही.

म्हणून मृण्मयी, 'तो सोमवारी येईल' असं ठाम लिहू नका. 'खपल्या धरल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने' असं लिहा. सोमवार अंदाजाने सांगा.

आता आजाराचं नाव. पोट बिघडलं, पाय मुरगळला, तर 'बरं नाही' एवढं पुरतं. कांजिण्यांचं तसं नाही. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून मूल लागण पसरवत असतं. रविवारी पुरळ आलं म्हणजे शुक्रवारी तो वर्गात बसला होता तेव्हाही शक्यता होती. त्या वर्गात कोणाची आई गरोदर असेल, कोणा मुलाचं प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू असेल, एखाद्या शिक्षिका स्वतः गरोदर असतील. त्यांना हे लवकर कळणं फार महत्त्वाचं असतं, कारण उपाय करायचा तर लागणीनंतर थोडेच दिवस हातात असतात. खरं तर हा मेल सोमवारीच जायला हवा होता. आज गुरुवार आहे. उद्यावर ढकलू नका.

---

मृण्मयी_कोथरूड (९:१५)

अरे देवा, शुक्रवारचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! बाईंचं पोट… म्हणजे मागच्या पालकसभेत मला तसं वाटलं होतं, पण विचारलं नाही. आता हे कसं लिहू? 'आपण गरोदर असाल तर' असं थोडंच लिहिता येतं!

---

टोच्या (९:१७)

नका हो! आणि नसल्या तर? दुसरी शाळा शोधावी लागेल.

---

डॉ_खडीसाखर (९:२४)

त्यांच्याबद्दल काही लिहायचंच नाही. 'शुक्रवारी, ६ तारखेला तो दिवसभर वर्गात होता' एवढं सांगा. आणि 'वर्गातील इतर पालकांना व शिक्षकांना कळवावे असे आपल्याला वाटल्यास आमची हरकत नाही.' ज्याला समजायचं त्याला समजतं. चिडवण्याची भीती असेल तर 'मुलाचे नाव न घेता' हे शब्द घाला, निनादचा मुद्दाही त्यात आला.

आणि मेलची वाट न बघता उद्या सकाळी शाळेच्या ऑफिसात फोनही करा.

---

शुभदा_काकू (९:५०)

डॉक्टरांनी सांगितलं ते आधी, म्हणजे मेलमध्येही आधी. चाचणी नंतर.

निनाद, तुझ्या 'कृपया'बद्दल. 'कृपया परत घ्या' हा हुकूमच आहे, नुसता नटवलेला. 'घ्यावी' म्हटलं की विनंती होते. पण इथे मी 'घ्यावी'सुद्धा लिहिणार नाही, कारण ती बाईंच्या हातातली गोष्टच नाही. घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका, गुणतक्ते हे परीक्षा विभाग बघतो, फेरचाचणी द्यायची की नाही ते मुख्याध्यापक ठरवतात. वर्गशिक्षिकेला 'परत घ्या' म्हणालात की तिच्यापुढे दोनच रस्ते उरतात. एक तर 'नाही' म्हणून वाईट व्हायचं, नाहीतर परवानगी नसताना 'बघते' म्हणायचं. नवीन बाई 'बघते' म्हणतात आणि मग अडकतात.

तेव्हा तिला प्रश्न विचार: 'याबाबत शाळेची पद्धत काय आहे, ते सवडीने कळवाल का?' यात ती मोकळी राहते. तिने 'मुख्याध्यापकांना अर्ज द्या' म्हटलं की तू दुसऱ्या दिवशी अर्ज देतेस. मी वर्ग सांभाळत होते तेव्हा असा मेल किंवा चिठ्ठी आली की ती घेऊन मीच वरती जायचे, 'पालक समजूतदार आहेत, बघू या' म्हणत. हुकमी चिठ्ठी मी नुसती पुढे सरकवायचे.

'रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवर पाठवत जा' हे पूर्ण काढून टाक. रोज रात्री पन्नास पालकांपैकी एकाला फळ्याचे फोटो पाठवणं हे बाईंचं काम नाही. वही मित्राकडून घे. फोटो मागव हो, वही घरी आणू नकोस.

---

सदाशिवकर (१०:०५)

शुभदाताई, आपल्या मुद्द्यांशी सहमत. पण 'कळवाल का' हे फार घरगुती वाटते. लेखी व्यवहारात 'कळवावे' हेच शिष्टसंमत. आणि 'मॅडम' काय? 'बाई' म्हणा.

---

आशू (१०:११)

'बाई' आता सगळ्यांना आवडत नाही. माझ्या लेकीच्या शाळेत सगळ्या 'टीचर' आहेत, पलीकडच्या शाळेत 'ताई'. मुलं ज्या नावाने हाक मारतात तेच पालकांनी लिहावं, माझं मत.

---

शुभदा_काकू (१०:१८)

आशू, मुलं मागून हाक मारतात ती नावं मला ठाऊक आहेत, ती नकोत. 😄

सदाशिवकर, आपला 'कळवावे' चुकीचा नाही. पण एका मेलमध्ये चार 'वे' आले की परिपत्रक होतं. एखादा ठेवू. आणि 'गैरहजेरी माफ करण्यात यावी' तर मुळीच नको. आजारी पडणं हा गुन्हा आहे का, माफी मागायला?

---

केतकी_बिबवेवाडी (१०:२६)

काकू, माझंही एक सांगा ना. पुढच्या महिन्यात चुलत दिराचं लग्न आहे साताऱ्याला, तीन दिवस मुलगी येणार नाही. मी लिहिलंय, 'दि. १० ते १२ गैरहजर राहील, नोंद घ्यावी.' जाऊबाई म्हणतात सरळ ताप लिही.

---

शुभदा_काकू (१०:३४)

ताप लिहू नकोस गं. मुलगी परत येते ती कोपरापर्यंत मेंदी घेऊन, आणि मधल्या सुट्टीत स्वतःच सगळं सांगते.

आजारपण कळवायचं असतं, कारण ते आपल्या हातात नसतं. लग्नाची परवानगी मागायची असते. तू ठरवून टाकलंयस आणि बाईंना फक्त नोंदवायला सांगतेयस, म्हणून ते खटकतं. 'घरच्या लग्नासाठी तीन दिवस रजा मिळावी, ही विनंती. त्या दिवसांत चाचणी किंवा प्रकल्प सादरीकरण असल्यास कळवावे, त्याप्रमाणे जाण्याचा बेत बदलता येईल का पाहू.' आणि हे शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिही.

---

केतकी_बिबवेवाडी (१०:३७)

खरं नाहीये. गाडी ठरवून झाली आहे. 🙈 पहिलंच वाक्य लिहिते.

---

मृण्मयी_कोथरूड (१०:५८)

सगळ्यांचं ऐकून नव्याने लिहिलं. बघा बरं.

> विषय: इ. ६ वी ब, हजेरी क्र. २३, कबीर (पूर्ण नाव): कांजिण्यांमुळे ९ फेब्रुवारीपासून गैरहजर
>
> नमस्कार मॅडम,
>
> कबीरच्या अंगावर रविवारी, ८ फेब्रुवारीला संध्याकाळी पुरळ आले. सोमवारी डॉक्टरांनी कांजिण्या असल्याचे सांगितले. त्यामुळे ९ तारखेपासून तो शाळेत येऊ शकलेला नाही. सर्व फोडांवर खपली धरल्यावर डॉक्टरांना पुन्हा दाखवून, त्यांनी होकार दिल्यास सोमवारी, १६ तारखेला त्याला पाठवण्याचा विचार आहे. येताना डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत देऊ.
>
> शुक्रवारी, ६ तारखेला तो दिवसभर वर्गात होता. पुरळ येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून लागण होऊ शकते, असे डॉक्टर सांगतात. कबीरचे नाव न घेता वर्गातील पालकांना व शिक्षकांना कळवावे असे आपल्याला वाटल्यास आमची हरकत नाही.
>
> सोमवारी सकाळी आम्ही व्हॅनच्या काकांजवळ निरोप दिला होता. तो आपल्यापर्यंत पोहोचला नसावा. ॲपवर 'न कळवता गैरहजर' अशी नोंद दिसते. ती बदलता येण्यासारखी असल्यास बदलावी, ही विनंती.
>
> या आठवड्यातील गणित व विज्ञानाच्या घटक चाचण्या त्याला देता आल्या नाहीत. याबाबत शाळेची पद्धत काय आहे, ते सवडीने कळवाल का? मुख्याध्यापकांकडे वेगळा अर्ज द्यायचा असल्यास तोही देऊ. वर्गातला अभ्यास आम्ही त्याच्या मित्राकडून घेत आहोत.
>
> आपली,
> (माझे पूर्ण नाव), कबीरची आई
> (मोबाइल)

काकू, 'सर्टिफिकेट हवे असेल तर कळवा' काढलं, कारण मागायची वेळच का आणायची, असं वाटलं. बरोबर ना?

---

शुभदा_काकू (११:०६)

अगदी बरोबर. 'हवे असेल तर' म्हणजे 'विश्वास नसेल तर' असं वाचलं जातं.

---

निनाद_औंध (११:१२)

मेल छान झालाय. पण फार लांब नाही का? एकाच मेलमध्ये आजार, ॲप, चाचणी. मी असतो तर आज फक्त आजाराचा पाठवला असता, चाचणीचा सोमवारी. नाहीतर आजाराची बातमी वाचता वाचता बाईंना वाटणार, हे सगळं मार्कांसाठी चाललंय.

---

सदाशिवकर (११:१५)

प्रथमच निनाद यांच्याशी सहमत. एका पत्रात एक विषय. 'कळवाल का' बद्दलचे माझे मत कायम आहे.

---

शुभदा_काकू (११:२१)

मला स्वतःला एकच मेल सोयीचा जायचा, सगळं एका जागी. पण सोमवारपर्यंत परीक्षा विभागाने गुण भरायला घेतले तर मग फेरचाचणी अवघड, म्हणून थांबूही नये. मृण्मयी, वेगळे करायचे तर दुसरा मेल उद्या दुपारी पाठव. तुझ्या बाई कशा आहेत ते तुलाच ठाऊक.

---

मृण्मयी_कोथरूड (११:४४)

पहिले तीन परिच्छेद आत्ता पाठवले. चाचणीचं उद्या, ऑफिसात फोन केल्यावर.

डॉक्टर, आता नवीन शंका. धाकटी चार वर्षांची आहे, बालवाडीत जाते. तिला अजून काही नाही. तिच्या ताईंनाही मेल करू? की उगाच घाबरवल्यासारखं होईल?

---

डॉ_खडीसाखर (११:५३)

तिला कांजिण्यांची लस दिली आहे का ते आधी कार्डावर बघा. ही लस सरकारी मोफत लसीकरणात नाही, त्यामुळे अनेकांची राहून जाते. दिली नसेल तर उद्याच बालरोगतज्ज्ञांना फोन करा. लागणीनंतर पहिल्या तीन ते पाच दिवसांत दिली तर उपयोग होऊ शकतो, तुम्ही त्या काठावर आहात. एकाच घरातल्या, लस न घेतलेल्या भावंडांना बहुधा होतातच. लस घेतलेल्यांनाही कधी कधी थोडे फोड येतात, पण सौम्य.

ताईंना दोन ओळी पाठवाच. 'हिच्या मोठ्या भावाला ८ तारखेपासून कांजिण्या आहेत. हिला सध्या काही लक्षण नाही. तिला शाळेत पाठवावे की काही दिवस घरी ठेवावे, आपण सुचवाल तसे करू. ताप किंवा पुरळ दिसल्यास लगेच फोन करावा, आम्ही येऊन घेऊन जाऊ.' खाली चालू असलेला नंबर द्या.

---

टोच्या (११:५८)

आणि व्हॅनच्या काकांजवळ देऊ नका.